उंबऱ्यात बसू नये

कोल्हापुरातल्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात याची बाहेरच्यांना फार गंमत वाटते. आम्हाला त्यात काही वाटत नाही. लिहिताना मी ‘आले’ लिहिते, कारण शाळेत तसं घोटून घेतलंय. बोलताना मात्र ‘आलो’च. आणि दोस्तांत ‘भावा’ म्हणायला आमच्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. या भाषेचा मला २६ वर्षं काडीचा त्रास झाला नव्हता. पहिल्यांदा झाला तो एका ११ नोव्हेंबरला, रंकाळ्यावर, हातात भेळेचा कागद धरून उभी असताना.

किरणोत्सवाचा शेवटचा दिवस होता. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळं वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, असा हिशेब. पण पश्चिमेला ढग आला किंवा हवेत धूळ-बाष्प जास्त असलं की किरणं वाटेतच अडतात. त्या दिवशी ती कमरेपर्यंत आली आणि विरली. माणसं ‘पुढल्या बारीला’ म्हणत पांगली. आम्ही दोघं गाडीवरून रंकाळ्याला गेलो, भेळ घेतली, आणि मी बोलून टाकलं. कॉलेजपासूनचा दोस्त, रविवारच्या मिसळीचा जोडीदार, माझ्या बाबांच्या ऑपरेशनला तीन रात्री दवाखान्यात बसलेला माणूस. त्याला म्हटलं, मला तू आवडतोस, दोस्त म्हणून नव्हे.

तो भेळेत चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, “अगं भावा, तू लै चांगली मैत्रीण हाईस माझी.”

‘अगं’ आणि ‘भावा’ एकाच वाक्यात. व्याकरणाची एवढी ओढाताण झाली म्हणजे माणूस किती गडबडला असेल, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त ‘भावा’ ऐकू आलं. मी “बरं” म्हटलं, कागदाचा बोळा केला, आणि त्यानं मला घरी सोडलं. वाटेत दोघंही ट्रॅफिकवर बोललो.

रात्री पावणेअकराला त्याचा मेसेज आला. “रागावलीस काय? खरंच तू खूप चांगली मैत्रीण आहेस. हे घालवायचं नाही मला.”

तोंडावर कुणी काही बोललं की ‘बरं’ म्हणून सुटता येतं. लेखी आलेल्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते नंतर दोघांकडंही राहतं. मला तीन गोष्टी एकदम हव्या होत्या. खोटं बोलायचं नव्हतं, पाया पडायचं नव्हतं, आणि दार धाडकन लावायचंही नव्हतं. यातल्या दोन जमवणं सोपं असतं. तीन जमवताना रात्रीचा एक वाजला, आणि तोही अक्का होती म्हणून.

अक्का म्हणजे माझी मावसबहीण. नववीला मराठी शिकवते. त्या आठवड्यात आमच्याकडं राहायला होती आणि गच्चीवर माझ्या शेजारी अंथरूण टाकून पडली होती. मी मोबाइलवर खरडत होते आणि ती उशीवरूनच वही तपासल्यासारखी एकेक मजकूर तपासत होती.

पहिला मजकूर होता, “अरे चल, गंमत केली तुझी. खरं वाटलं काय?” मला हा फार सुटसुटीत वाटला होता. अक्का म्हणाली, “ह्यानं तुझी लाज वाचेल, पण उद्या तू खरं बोललीस तरी तो म्हणेल, मागच्या वेळेगत गंमत असेल.” शिवाय तीन दिवसांनी माझा चेहरा पडलेला दिसला की तो कशामुळं, हे त्याला विचारता येणार नाही आणि मला सांगता येणार नाही. दार बंद करायचा हा सगळ्यात हसरा प्रकार.

दुसरा मजकूर माझ्या मते अगदी समजूतदार होता. “काही घाई नाही. तू विचार कर. मी थांबतो, कितीही दिवस.” अक्का उठून बसली. “ह्यात तू त्याच्या नावावर उधारी लिहिलीस,” ती म्हणाली. मला आधी कळेना. ती म्हणाली, आता त्यानं हे वाचलं की उद्यापासून रोज त्याला वाटणार, कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय. तुझ्याबरोबर मिसळ खाताना वाटणार, दुसऱ्या मुलीशी बोलताना वाटणार. आणि त्यानं विचार करायचं मागितलं होतं कुठं? त्यानं उत्तर दिलं होतं. ‘विचार कर’ म्हणजे ‘तुझं उत्तर मी धरत नाही, दुसरं आण’. तोंडानं गयावया केली नाही एवढंच, बाकी विनवणीच ती.

तिसरा मजकूर दाखवायचीही लाज वाटली, पण दाखवला. मोबाइलच्या दीड पानाचा. त्यात बाबांचं ऑपरेशन होतं, माझ्या वाढदिवसाला तो पावसात आला होता ते होतं, आणि ‘का’ तीनदा होता. माझ्यात काय कमी आहे, का नाही, मग तेव्हा तसं का वागलास. अक्कानं फक्त प्रश्नचिन्हं मोजली. सात. म्हणाली, “प्रश्नपत्रिका झाली ही. कारण विचारलंस की तो काहीतरी कारण देणार. ‘घरचे’, ‘नोकरी’, ‘आत्ता डोक्यात नाही’, जे सुचेल ते. मग तू एकेक कारण खोडणार. कारण खोडलं म्हणजे माणूस हो म्हणतो काय?”

चौथा म्हणजे ‘ठीक’ आणि एक अंगठा. यावर ती काही बोललीच नाही, नुसतं बघितलं. रुसवा आहे हे न सांगता कळतं आणि कळूनही बोलता येत नाही, असा तो मजकूर. त्यानं विचारलं होतं ‘रागावलीस काय’, आणि मी न बोलता ‘हो’ म्हणून वर त्यालाच अपराधी केलं असतं.

मग तिनं मला एक कसोटी दिली, ती मी अजून वापरते. मेसेज त्याच्या जागेवर बसून वाचायचा आणि विचारायचं, हे वाचल्यावर त्याला काही करावं लागतंय का? समजूत घालावी लागतेय, खुलासा द्यावा लागतोय, धीर द्यावा लागतोय, निदान ‘असं नको म्हणू’ एवढं तरी म्हणावं लागतंय? लागत असेल तर ते उत्तर नाही, मागणी आहे. उत्तर तेच, जे वाचून तो मोबाइल बाजूला ठेवून झोपू शकेल.

एकच्या सुमाराला गेलेला मजकूर असा होता:

“रागावलो नाही. वाईट वाटलं, ते लपवत नाही. मी बोललो ते मनापासून होतं, आणि तू दिलेलं उत्तर मला समजलंय. हा विषय मी परत काढणार नाही. तुला कधी काढावासा वाटला तर काढ. थोडे दिवस मी कमी बोलीन, तो रुसवा समजू नकोस. या रविवारी मिसळीला नाही येत.”

पहिल्या दोन शब्दांत त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. अक्काचा आग्रह होता की त्यानं विचारलंय ते आधी सांग, तुला सांगायचंय ते नंतर. ‘वाईट वाटलं’ ठेवावं की नाही यावर आमचं बरंच चाललं. मला त्यात लाचारी वाटत होती. ती म्हणाली, वाईट वाटलं हे सांगण्यात लाचारी नाही. वाईट वाटलं म्हणून आता तू काहीतरी कर, यात आहे. म्हणून ते वाक्य पूर्णविरामानं संपवायचं आणि त्याला पुढं ‘पण’ जोडायचा नाही. ‘मनापासून होतं’ हे गंमत केल्याचा रस्ता माझ्यासाठीच बंद करायला. ‘समजलंय’ हा शब्द ‘पटलंय’च्या जागी आला. पटलं नव्हतं, आणि तसं म्हणायची गरजही नव्हती.

दार उघडं आहे ते एकाच वाक्यात, ‘तुला कधी काढावासा वाटला तर काढ’. अक्का ‘तर’ या शब्दावर सगळ्या निबंधांत लाल शाई ओढते, पण इथं तिनं तो राहू दिला, कारण त्याच्या आधीच्या वाक्यात मी माझा हात काढून घेतला होता. दोन वाक्यांचा क्रम उलटा केला असता, ‘तुला वाटलं तर काढ, मी काढणार नाही’, तर तेच शब्द टोमण्यासारखे वाचले असते. विश्वास बसत नसेल तर मोठ्यानं म्हणून बघा.

रविवारचं वाक्य शेवटी टाकलं, कारण ‘थोडे दिवस’ हे फार मोघम होतं. माणसाला मोघम अंतराची भीती वाटते. एक ठरावीक रविवार चुकतोय म्हटलं की तो मोजता येतो.

त्याचा “बरं. थँक्स भावा.” असा जवाब दोन मिनिटांत आला. म्हणजे तोही जागाच होता. हे मला तेव्हा लक्षातही आलं नाही. मी माझ्याच दुःखात होते, आणि त्याला काय, नाही म्हणून मोकळा झाला, असं धरून चालले होते.

हे चूक होतं ते दोन वर्षांनी कळलं. मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या अकाउंट्सला आहे. तिथल्या एका सहकाऱ्यानं मला जेवणाच्या सुट्टीत, डबा अर्धा संपलेला असताना, तसंच काहीतरी सांगितलं. चांगला माणूस. आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, तेच वाक्य आलं, “तुम्ही खूप चांगले मित्र आहात माझे.” मी ते ठरवून म्हटलं नव्हतं. दुसरं काही सापडलंच नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि आपण काहीतरी पाप केलंय असं दोन दिवस वाटत राहिलं.

पुढं वाचनात आलं की यावर कुणीतरी नीट अभ्यासच केलाय. रॉय बाउमायस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दोन सहकाऱ्यांबरोबर १९९३ साली तो प्रसिद्ध केला. एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या हकिकती त्यांनी लोकांकडून लिहून घेतल्या. ज्यांना नकार मिळाला त्यांच्या आठवणींत दुःखाबरोबर थोडा गोडवाही होता. ज्यांनी नकार दिला त्यांच्याकडं मात्र बहुतेक अपराधीपणा, वैताग आणि अवघडलेपण. आणि एक गोष्ट मला फार पटली. प्रेम मागणाऱ्याला काय बोलायचं, कसं झुरायचं, हे गाण्यांनी आणि सिनेमांनी पिढ्यान्‌पिढ्या पढवून ठेवलंय. नाही म्हणणाऱ्याच्या हातात संवादच नसतात. म्हणूनच ‘चांगला मित्र’, ‘चांगली मैत्रीण’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी सारखं येतं. त्यात गुपित शोधायला जाऊ नये. बहुतेक वेळा तो फक्त हाताला लागलेला दोर असतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मला कमी आवडली. नकार मिळालेल्यांना वाटत होतं की समोरच्यानं आपल्याला आशा लावली, आणि नाही म्हणताना स्पष्टही सांगितलं नाही. नकार देणाऱ्यांना तसं वाटत नव्हतं. दवाखान्यातल्या त्या तीन रात्री मी प्रेमाच्या खात्यात धरल्या होत्या. त्याच्या खात्यात त्या कदाचित साध्या माणुसकीच्या होत्या. हिशेब दोघांचेही बरोबर, वह्या वेगळ्या.

म्हणून उघड्या दाराला मर्यादा आहे, आणि ती मेसेज लिहिण्याआधीच बघावी लागते. त्यानं ‘मला तसं कधी वाटणार नाही’ असं म्हटलं असतं, किंवा ‘हे बोलू नकोस’ म्हटलं असतं, तर ते दाराचं वाक्य पुसूनच टाकावं लागलं असतं. ‘समजलं, परत काढणार नाही’ इथं मजकूर संपतो. तो बोलायचंच टाळत असेल तर मेसेजही नको. कामाच्या ठिकाणी, आणि त्यातून समोरची व्यक्ती आपल्या हाताखालची असेल, तर दार वगैरे भाषाच नको. माझ्या त्या सहकाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त एवढं म्हटलं, “कालचं मी विसरतो असं म्हणत नाही, पण तुम्हाला त्याचा त्रास होणार नाही,” आणि व्हाउचरची फाईल पुढं केली. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

आणि ‘सध्या’ या शब्दापासून सांभाळून. ‘सध्या डोक्यात नाही’ ऐकलं की आपण लगेच कॅलेंडर काढतो. तो शब्द बहुतेक वेळा नकाराला लावलेला मऊ कापूस असतो. मी तेव्हापासून प्रत्येक ‘सध्या नाही’ हे ‘नाही’ म्हणूनच वाचते. ज्याला खरंच काळाचा हिशेब सांगायचा असतो तो सांगतो, आपल्याला लावावा लागत नाही.

आमच्या आजीचे तिन्हीसांजेचे दोन नियम होते. दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी येते म्हणून. आणि त्याच वेळी उंबऱ्यात कुणी बसायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, दार उघडं आहे तर मग बसून बघायला काय हरकत. ती चिमटा काढून उठवायची. “वाट अडवून बसल्यावर येणारा येईल कसा गं?”

मेसेज पाठवणं त्या मानानं सोपं होतं. उंबऱ्यावरून उठायला मला पुढचे अडीच महिने लागले.

पहिले पंधरा दिवस ठरवल्याप्रमाणे मी गप्प राहिले. त्याचं स्टेटस बघायचं नाही असं ठरवून दिवसातून चारदा बघितलं. बघितलेलं त्याला दिसतं, म्हणजे तेही एक प्रकारचं उंबऱ्यात बसणंच. शेवटी त्याचं स्टेटस म्यूट केलं. ब्लॉक केलं नाही. ब्लॉक म्हणजे कडी लावणं, आणि ते त्याच्या लक्षात आलं असतं. पंधरा दिवसांनी मी पहिला मेसेज केला तो त्याच्या हेल्मेटचा. “हेल्मेट माझ्याकडं राहिलंय. शनिवारी दुकानाकडं येणार असलास तर घेऊन जा.” पहिला मेसेज असाच हवा, ज्याला खरं काम आहे आणि जे काम संपलं की मेसेजही संपतो. ‘काय चाललंय’ नको. ‘सहज आठवण आली’ तर नकोच.

एकदा घसरलेही. डिसेंबरात रात्री साडेअकराला त्याला एक गाणं पाठवलं. गाण्याखाली काही लिहिलं नाही, म्हणजे सगळं लिहिल्यासारखंच. सकाळी त्याचा अंगठा आला. मी तो अंगठा बघून चहा न पिता कामावर गेले. अक्काला फोन केला तर ती म्हणाली, “रात्री दहानंतर जे पाठवावंसं वाटतं ते सकाळी आठला परत वाच. तेव्हाही पाठवावंसं वाटलं तर पाठव.” आजवर असं एकही पाठवलेलं नाही.

दुसरी चूक मात्र त्याच्याकडून सुरू झाली आणि ती मी लवकर ओळखली. मिसळ पुन्हा सुरू झाली तसं तो मला छोटी छोटी कामं सांगायला लागला. बहिणीच्या साडीचा रंग निवड, बाबांचा रिटर्न भर, एक बायोडेटा मराठीत नीट करून दे. आधीही सांगायचा. पण आता मी प्रत्येक काम जरा जास्तच झटकन करत होते. कसोटी सोपी आहे. हेच काम दुसऱ्या दोस्तानं सांगितलं असतं तर आज रात्री केलं असतं का? नसतं, तर आपण त्या कामातून काहीतरी मागतोय. रिटर्न मी भरला, तो माझा धंदाच आहे, आणि नेहमीची फी घेतली. तो हसला, पण पैसे मोजून दिले. त्या दिवसापासून आमच्यात हवा जरा हलकी झाली असं मला वाटतं.

मी स्वतःपुरती एक मुदत ठेवली होती, २ फेब्रुवारी, किरणोत्सवाची दुसरी खेप. तोवर मनात काय असेल ते असू दे, त्यानंतर आवरायचं. हे त्याला अर्थातच सांगितलं नव्हतं. सांगितलं की मुदतीची नोटीस होते. आणि झालं असं की जानेवारीअखेर ऑफिसात ऑडिटरचे लोक येऊन बसले, आणि ४ फेब्रुवारीला जेवताना आई म्हणाली, यंदा किरणं चेहऱ्यापर्यंत पोचली म्हणे. मी भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. तारीख येऊन गेली होती.

त्याच आठवड्यात त्याचा मेसेज आला. “विषय काढू काय?”

मी केएमटीत उभी होते. छाती धडधडली, खोटं कशाला सांगू. स्टॉप येईपर्यंत थांबले, उतरले, आणि लिहिलं, “काढ की.”

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर भेटलो. समोर म्हशीची धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात तिथं. घरात बघणं चाललंय, तो म्हणाला. इचलकरंजीकडची मुलगी. दोनदा भेटलोय, मला आवडलीय. “तुला बाहेरनं कळू नये असं वाटलं. म्हटलं, तूच सांगितलंवतंस, वाटलं तर काढ.”

कुठंतरी आत लागलं. पण जेवढं लागेल असं नोव्हेंबरात वाटलं होतं तेवढं नाही. ती काय करते, कुठं शिकलीय असं मी विचारलं, त्यानं सांगितलं, आणि मग काही सुचेना म्हणून मी पेला एका दमात संपवला.

तो माझ्याकडं बघून हसायला लागला. “मिशी आली बघ, भावा.”

मी ओढणीनं ओठ पुसला आणि त्याच्या पेल्याचेही पैसे दिले.